किती माणसे आत आहेत? बांधकामावरील आपत्कालीन आराखड्याचा पहिला प्रश्न

काणकोण येथे ४ जानेवारी २०१४ रोजी दुपारी बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि ३१ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीच्या व नंतरच्या बातम्या आज वाचल्या, तर ढिगाऱ्याखाली नेमकी किती माणसे आहेत याबद्दलचे अंदाज बदलत राहिलेले दिसतात. इमारत का कोसळली, दोष कोणाचा, हे प्रश्न न्यायालयाचे आणि अभियंत्यांचे. मात्र बचाव पथक घटनास्थळी पोहोचल्यावर पहिला प्रश्न विचारते तो वेगळा असतो: आत किती जण आहेत आणि शेवटचे कुठे दिसले होते? त्याचे उत्तर तयार ठेवणे हे बांधकामाच्या आपत्कालीन आराखड्याचे मुख्य काम आहे. कोणाकडे कोणती जबाबदारी, माणसांनी कुठे जमायचे आणि इशारा कसा द्यायचा, हे सारे त्या एका उत्तरासाठी ठरवायचे असते.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांतील छत्तिसाव्या नियमात असा आराखडा सांगितला आहे. आग व स्फोट, उचलयंत्रे कोसळणे, इमारत वा शेड कोसळणे, वायुगळती, बुडणे, दरड आणि पूर अशा प्रसंगांसाठी तो करून मंजुरीला पाठवावा, असा तो नियम. मात्र पाचशेहून अधिक कामगार असलेल्या बांधकामांनाच तो लागू होता. आपल्या शहरांत आणि गावांत उभ्या राहणाऱ्या पाच-सहा मजली इमारतींवर चाळीस-पन्नास माणसे राबत असतात. आराखड्याची खरी गरज याच जागी आहे, आणि तो नसल्याबद्दल कोणी विचारतही नाही. म्हणून मोठ्या प्रकल्पाची जाडजूड पुस्तिका बाजूला ठेवून अशाच एका मध्यम बांधकामाचा आराखडा येथे टप्प्याटप्प्याने मांडत आहोत.

उदाहरणाचे बांधकाम

भूखंड ३० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब आहे. त्याच्या मध्यभागी १६ बाय २४ मीटरची इमारत उभी राहत आहे आणि तिची उंची १८ मीटरपर्यंत आली आहे. रस्ता पश्चिमेला असून फाटक एकच आहे. फाटकाजवळ पत्र्याचे कार्यालय, तर मागच्या कोपऱ्यात कामगारांच्या खोल्या आहेत. आज पाचव्या मजल्याचा स्लॅब घालायचा आहे. हजेरीवर ४६ जण आहेत: स्लॅबवर २२, त्याखालच्या टेकूंवर लक्ष ठेवणारे सुतार ३, खाली मिक्सर व पंपापाशी ९, दुसऱ्या मजल्यावर गिलावा करणारे ७, सळया कापणारे ३ आणि कार्यालय व फाटक मिळून २.

दिवस स्लॅबचाच का निवडला, तेही सांगायला हवे. ओले काँक्रीट अतिशय जड असते, आणि ते घट्ट होईपर्यंत त्याचा सगळा भार सेंटरिंगच्या टेकूंवर असतो. एखादा टेकू सरकला, पायाखालची फळी खचली किंवा एका कोपऱ्यात काँक्रीटचा ढीग साचला, तर वरची माणसे, खालचे सुतार आणि त्याखालच्या मजल्यांवरचे कामगार एकदमच सापडतात. त्यात बाहेर मिक्सरची गाडी व पंप उभे असल्याने रस्ता त्याच दिवशी सर्वाधिक अडलेला असतो. धोका आणि अडथळा एकाच दिवशी एकत्र येतात, म्हणून आराखड्याची परीक्षा याच दिवसावर घ्यावी.

जमण्याची जागा

बहुतेक बांधकामांच्या नकाशावर जमण्याची जागा फाटकाजवळ, कार्यालयासमोर दाखवलेली असते. हिरवा फलकही तेथेच असतो. आपल्या उदाहरणात फाटक इमारतीपासून अवघ्या आठ मीटरवर आहे. कोसळणाऱ्या इमारतीपासून तिच्या उंचीच्या दीडपट अंतर राखावे, असा अग्निशमन दलांचा प्रचलित ठोकताळा आहे. १८ मीटर उंचीला हे अंतर २७ मीटर होते. भूखंडाच्या कोणत्याही कोपऱ्यात उभे राहिले तरी एवढे अंतर मिळत नाही. म्हणजेच या बांधकामासाठी जमण्याची जागा कुंपणाच्या आत असूच शकत नाही.

ती बाहेर शोधावी लागेल. पंचायतीचे मैदान, देवळासमोरचे पटांगण, चॅपेलसमोरची मोकळी जागा, शाळेचे क्रीडांगण यांपैकी जे असेल त्याच्या चालकांकडून लेखी संमती घ्यावी. जागा पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात. तिच्यावरून विजेच्या तारा जात नसाव्यात. तेथे जाताना कामगारांना इमारतीच्या कडेने पुन्हा चालावे लागू नये. आणि अग्निशमन दलाची गाडी व रुग्णवाहिका ज्या वाटेने येणार, त्या वाटेवर ही गर्दी उभी राहू नये.

आगीसाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती वाऱ्याची. किनारपट्टीत दुपारी वारा साधारणतः समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि पावसाळ्यातही त्याचा रोख तोच असतो. धूर पूर्वेला लोटला जातो, म्हणून मुख्य जागा पश्चिमेला धरणे सोयीचे. परंतु हिवाळ्यातील पहाटे व सकाळी जमिनीकडून वारा सुटतो आणि धूर उलट दिशेला वळतो. यासाठी दुसरी, पर्यायी जागा विरुद्ध अंगाला ठरवून ठेवावी. दोहोंपैकी कोणती वापरायची हे बाहेर पडताना प्रमुखाने ओरडून सांगायचे, आणि तो काही बोलला नाही तर सर्वांनी मुख्य जागीच जायचे. आगीला एक जागा व पडझडीला दुसरी, अशी विभागणी करू नये. घाबरलेल्या माणसाला एवढा विचार सुचत नाही आणि मोजणी दोन ठिकाणी विखुरते.

कोणाचे काम कोणते

लहान बांधकामावर पाच जबाबदाऱ्या पुरतात. प्रत्येकीसाठी एक माणूस आणि तो नसेल त्या दिवसासाठी दुसरा माणूस नेमावा. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी फळ्यावर दोघांची नावे खडूने लिहावीत. वर्षभरापूर्वी छापलेल्या तक्त्यावरचा अभियंता दुसऱ्या बांधकामावर गेलेला असतो. खडूचा फळा मात्र आजचे खरे सांगतो.

पहिली जबाबदारी प्रमुखाची, आणि ती बहुधा जागेवरील अभियंत्याकडे असते. बाहेर पडण्याचा हुकूम, परत आत जाण्याची परवानगी आणि अग्निशमन दलाशी बोलणे ही त्याची तीन कामे. त्याने स्वतः ढिगाऱ्यात शिरू नये. तो आत गेला की सगळी माहिती त्याच्याबरोबर आत जाते.

दुसरी जबाबदारी हजेरीची. ती हजेरी ठेवणाऱ्या कारकुनाकडे किंवा मुकादमाकडे द्यावी. तिसरी वीज व गॅस तोडण्याची, जी वायरमनकडे राहील. मुख्य स्विच बंद करणे, कामगारांच्या खोल्यांतील सिलिंडर बंद करून बाहेर काढणे आणि डिझेलचा साठा कुठे आहे हे सांगणे, एवढे त्याचे काम. चौथी फाटक व रस्त्याची. पहारेकऱ्याने फाटक सताड उघडायचे, मिक्सरच्या चालकाला गाडी पुढे काढायला लावायची आणि मुख्य रस्त्याच्या वळणावर एक माणूस उभा करायचा. पाचवी प्रथमोपचाराची. तिच्यासाठी प्रशिक्षण घेतलेले दोघे हवेत आणि त्यांची पेटी कार्यालयाऐवजी फाटकाबाहेर नेता येईल अशी ठेवलेली हवी.

आग विझवणाऱ्यांसाठी स्वतंत्र पथक नेमण्यापेक्षा प्रत्येक मजल्यावरच्या दोघांना अग्निशामक वापरायला शिकवणे अधिक उपयोगाचे. सहा किलोच्या भुकटीच्या अग्निशामकाचा मारा पंधरा ते वीस सेकंदांत संपतो. म्हणून मर्यादा आधीच सांगून ठेवावी: आग कमरेपेक्षा खाली असेल, पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी असेल आणि दोघे बरोबर असतील, तरच प्रयत्न करायचा, तोही एकदाच. बांधकामावर आग लागते ती बहुधा वेल्डिंगच्या ठिणगीने, आणि ती पसरते सेंटरिंगचे प्लायवूड, हिरवी जाळी, रंग आणि थर्माकोल यांच्यावर. इमारतीची कायमची पाण्याची व्यवस्था तेव्हा चालू झालेली नसते आणि जिना बहुतेक वेळा एकच असतो. त्या जिन्यावर टेकू, गोण्या किंवा सळया ठेवलेल्या आढळल्या, तर आराखडा किती चांगला लिहिला आहे याला काही अर्थ उरत नाही.

हजेरी हाच कणा

सकाळची हजेरीवही पगारासाठी असते, जीव मोजण्यासाठी ती अपुरी पडते. दुपारी जेवणानंतर कोणी घरी गेलेले असते, कोणी नव्याने आलेले असते. लिफ्टवाल्याची, खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याची किंवा नळजोडणी करणाऱ्याची माणसे मुख्य कंत्राटदाराच्या वहीत नसतात. मिक्सरचा चालक, त्याचा मदतनीस, डबा घेऊन आलेली बायको, खोल्यांत खेळणारी मुले यांची नोंद कुठेच होत नाही.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. फाटकाजवळ खिळ्यांची फळी लावावी आणि प्रत्येकाला क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला द्यावा. फळीवर मजल्यांप्रमाणे रकाने असावेत. आत जाताना ज्या मजल्यावर काम असेल त्या रकान्यात बिल्ला अडकवायचा आणि बाहेर पडताना काढून न्यायचा. पाहुण्यांसाठी वेगळ्या रंगाचे बिल्ले ठेवावेत. या पद्धतीने फळी आत किती माणसे आहेत हे सांगते, शिवाय कोण कोणत्या मजल्यावर आहे हेही दाखवते.

फळीची एक अडचण आहे: ती फाटकावर असते आणि फाटक पडझडीच्या टप्प्यात येते. त्यामुळे सकाळी काम सुरू झाल्यावर आणि जेवणानंतर पुन्हा, असा दोनदा तिचा फोटो काढून प्रमुख, मुकादम आणि बांधकामाबाहेरची एक व्यक्ती, उदाहरणार्थ कंत्राटदाराच्या कार्यालयातील कारकून, यांना पाठवावा. मग फळी हाती लागली नाही तरी यादी हाती राहते.

इशारा आणि निरोप

इशाऱ्यासाठी विजेचा भोंगा बसवण्याची पद्धत आहे. परंतु आग वा पडझड झाली की वायरमनचे पहिले काम वीज तोडण्याचे असते, आणि त्याच क्षणी भोंगा बंद पडतो. म्हणून हाताने फिरवायचा भोंगा व प्रत्येक मुकादमाच्या गळ्यात शिट्टी हवी. दिवस मावळल्यावर काम चालत असेल, तर त्याच कारणाने बॅटरीचे दिवेही हवेत.

शिट्टीच्या खुणा स्वतःच्या मनाने ठरवू नयेत. शोध व बचाव पथकांनी जगभर मान्य केलेल्या तीन खुणा आहेत. तीन तोकड्या शिट्ट्या, पुन्हा पुन्हा: ताबडतोब बाहेर पडा. एक लांब, तीन सेकंदांची शिट्टी: सगळे काम थांबवा, शांत राहा. एक लांब व एक तोकडी: काम पुन्हा सुरू करा. याच खुणा बांधकामावर रूढ केल्या, तर पथक आल्यावर भाषा बदलावी लागत नाही. आपल्या बांधकामांवर कन्नड, हिंदी, ओडिया, बंगाली बोलणारी माणसे एकत्र असतात, हेही शिट्टीच्या बाजूचे कारण आहे. शिट्टी फुंकण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला हवा. टेकू वाकताना दिसला, लाकडाचा कडकड आवाज आला, स्लॅबचा मध्य खचला किंवा फळ्यांच्या फटीतून एकाएकी सिमेंटचे पाणी गळू लागले, तर खालच्या सुताराने कोणाला विचारत न बसता शिट्टी वाजवायची. इशारा खोटा ठरला तर अर्ध्या तासाचे काम बुडते. त्यासाठी त्या सुताराला कोणी बोल लावला, तर पुढच्या वेळी शिट्टी वाजणार नाही.

फोन कोणी करायचा हेही ठरलेले असावे, नाहीतर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केला. ११२ हा एकत्रित क्रमांक, अग्निशमनासाठी १०१ व रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनशेजारी सांगायचा मजकूर लिहून चिकटवावा: वाडा, गाव आणि जवळची ठळक खूण, आग की पडझड, इमारत किती मजली, किती जण बेपत्ता, कोणत्या रस्त्याने यावे. घराच्या किंवा सर्वेच्या क्रमांकावरून कोणी पोहोचत नाही. ‘तिठ्यावरून डावीकडे, देवळाच्या मागे’ हे उपयोगी पडते. पलीकडचा माणूस ठेवतो म्हणेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही.

पहिली वीस मिनिटे

आता समजा, दुपारी सव्वातीनला आपल्या स्लॅबचा पूर्वेकडील भाग खाली आला. सुताराने तीन शिट्ट्या वाजवल्या, पण त्या भागातील सर्वांना निघता आले नाही. मुकादम शिट्टी चालू ठेवतो, वायरमन मुख्य स्विच पाडतो, पहारेकरी मिक्सर हलवायला लावतो, कारकून फोन करतो. लोक रस्ता ओलांडून मैदानावर येतात.

तेथे मजल्यांप्रमाणे रांगा करून मुकादम फोनवरच्या फोटोवरून बिल्ल्यांचे क्रमांक पुकारतो. ४६ पैकी ४१ सापडतात. पाच नाहीत. चौकशी करता पंपावरील एक मदतनीस चहाला गेलेला निघतो आणि त्याला बोलावून समोर उभे केले जाते. राहिले चौघे: स्लॅबवरचे दोघे, खालचा एक सुतार आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक गवंडी. ‘मी पाहिला त्याला’ एवढ्यावर कोणालाही सापडला असे धरायचे नाही, माणूस डोळ्यांसमोर यायला हवा. मग त्यांच्या जोडीदारांना विचारून प्रमुख मजल्याच्या नकाशावर चार फुल्या मारतो: कोण, कुठे, शेवटचे किती वाजता दिसले.

या वीस मिनिटांत सर्वांत मोठी चूक होते ती मायेपोटी. सोबती ढिगाऱ्याकडे धावतात आणि कोणीतरी जेसीबी आत घालतो. अर्धवट लोंबणारा स्लॅब यंत्राच्या हादऱ्याने पुन्हा कोसळू शकतो, आणि तुळयांच्या आधाराने राहिलेल्या ज्या पोकळ्यांत माणसे जिवंत असतात, त्याच चेपल्या जातात. म्हणून यंत्रे बंद ठेवावीत. एक लांब शिट्टी वाजवून रस्त्यावरची इंजिनेही थांबवावीत, आणि हाक मारून कान द्यावा. वर मोकळ्यावर पडलेल्या, हाताने पोहोचता येईल अशा जखमीला अवश्य बाजूला आणावे. मात्र जड भाराखाली अडकलेल्याच्या अंगावरचा भार घाईने उचलू नये. काही तास चिरडलेल्या स्नायूंतील पोटॅशियम व इतर द्रव्ये भार निघताच रक्तात शिरतात आणि हृदय बंद पडू शकते. अशा माणसाला सोडवण्यापूर्वी डॉक्टर किंवा रुग्णवाहिकेचे प्रशिक्षित कर्मचारी जवळ असणे आवश्यक असते.

अग्निशमन दल आल्यावर प्रमुखाने चार गोष्टी सुपूर्द करायच्या: फुल्यांचा नकाशा, वीज व गॅस तोडल्याची खात्री, डिझेल व सिलिंडरची ठिकाणे आणि आधीपासून दिसलेल्या तडा वा खचण्याची माहिती. येथून हुकूम दलाचा चालतो. प्रमुख मात्र त्यांच्याजवळच थांबतो, कारण इमारतीचा नकाशा त्याच्या डोक्यात असतो.

आराखडा कागदावर आहे की अंगवळणी पडला आहे?

हे ओळखण्यासाठी फाइल पाहावी लागत नाही. आठवड्यापूर्वी कामाला लागलेल्या कोणत्याही कामगाराला तीन प्रश्न विचारावेत: शिट्टी वाजली तर कुठे जाशील, तेथे तुझी गणती कोण करील, आणि आज तुझा बिल्ला कोणत्या रकान्यात आहे? तिन्हींची उत्तरे न अडखळता आली, तर आराखडा खरा.

सरावही जेवणानंतर, आधी न सांगता घ्यावा, कारण सकाळच्या रांगेत सगळेच हजर असतात. किती मिनिटांत माणसे बाहेर आली यापेक्षा किती मिनिटांत गणती बरोबर जुळली हे टिपावे. फळीवर ४६ आणि मैदानावर ४४ किंवा ४८ निघाले, तर तो फरक शोधून काढणे हेच त्या सरावाचे फलित. इमारत वर चढते तसा जिना, बाहेर पडण्याची वाट आणि दीडपट अंतर बदलत जाते. म्हणून प्रत्येक नव्या स्लॅबला आराखडा पुन्हा पाहावा आणि त्या दिवशी सकाळी पाच मिनिटे सर्वांना समजावून सांगावा. तीन मजल्यांना पुरणारे मैदान सहाव्या मजल्याला पुरेलच असे नाही.

आराखड्याची मर्यादाही स्पष्ट असावी. निकृष्ट सेंटरिंग, घाईने काढलेले टेकू किंवा आरेखनातील दोष यांवर तो उपाय नाही. त्यांची तपासणी त्याआधी आणि वेगळी व्हायला हवी. पण ती तपासणी चुकली, तर ढिगाऱ्यासमोर उभ्या असलेल्या जवानाला एक आकडा आणि चार फुल्या देता येतात की नाही, हे सकाळी अडकवलेल्या बिल्ल्यांवरून ठरते.